शेत आणि पाणी: दोन पॉलिगॉनचं युनियन-इंटरसेक्शन छेदबिंदूंवरून कसं काढायचं, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

निपाणी-चिकोडी पट्ट्यात दूधगंगा, वेदगंगा नाहीतर कृष्णेला पाणी आलं की नंतर एकच हिशोब सगळीकडं चालू होतो, माझ्या शेतातलं किती गुंठे पाण्याखाली गेलं. शेताचा नकाशा हा एक पॉलिगॉन, पाण्याचा पसारा हा दुसरा, आणि दोघांचा सामाईक भाग काढायचा. मी नकाशांचं काम करतो, त्यामुळं हे प्रश्न मला येतच असतात, कधी सर्व्हेच्या कामातल्या पोरांकडून, कधी बेळगावात इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांकडून. एकदाच नीट लिहून ठेवतोय.

लायब्ररीत एका ओळीत होतंय की, मग आतलं कशाला शिकायचं?

होतंय, नाही कोण म्हणतंय. मी पण रोजच्या कामाला Shapely नाहीतर PostGIS मधलं `ST_Intersection` वापरतो. पण उत्तर चुकीचं आलं, एरर आली किंवा तीन तुकडे यायच्या जागी एकच आला, की आत काय चालतंय हे माहीत नसेल तर माणूस नुसता बटणं दाबत बसतो.

मूळ कल्पना काय आहे, सोप्यात सांगा.

दोन बांध धरून चालायचं. शेताच्या बांधावरून निघालात, वाटेत पाण्याची कड आडवी आली, की ठरवायचं, सरळ जायचं का त्या कडेनं वळायचं.

इंटरसेक्शन पाहिजे असेल तर कायम दुसऱ्याच्या आत राहायचं. मी शेताच्या बांधावर आहे आणि बांध पाण्यातून बाहेर पडतोय, तर बांध सोडायचा आणि पाण्याची कड धरायची. मग ती कड शेतातून बाहेर पडायला लागली की परत बांध धरायचा. युनियनला याच्या उलटं, कायम बाहेरून चालायचं, म्हणजे ज्या रेषेवर आहात ती दुसऱ्याच्या आत शिरायला लागली की ती सोडून दुसरी धरायची. निघालेल्या जागी परत आलात की एक कडी पूर्ण झाली. छेदबिंदू शिल्लक असतील तर पुढची कडी चालू करायची.

बस, एवढंच आहे. १९७७ मध्ये वायलर आणि ॲथर्टन यांनी हे मांडलं, १९९८ मध्ये ग्रायनर आणि होर्मान यांनी एंट्री-एक्झिटच्या खुणा वापरून बरंच आटोपशीर केलं. बाकी सगळी डोकेदुखी तपशिलात आहे.

एखादं उदाहरण आकड्यांसकट करून दाखवा की.

आकडे मुद्दाम सोपे घेतोय म्हणजे तुम्हाला चौकटीच्या वहीवर काढता येईल, आणि खरंच काढा, वाचून डोक्यात बसत नाही हे. सगळे मीटरमध्ये.

शेत: (०,०), (१००,०), (१००,६०), (०,६०). सरळ आयत, ६००० चौरस मीटर. एक गुंठा म्हणजे साधारण १०१.१७ चौरस मीटर, म्हणजे हे झालं एक एकर आणि वर १९ गुंठे.

पाणी नदीच्या जुन्या वळणात साठलंय, त्यामुळं आकार घोड्याच्या नालेसारखा, तोंड खाली शेताकडं: (१०,४०), (३०,४०), (३०,८०), (७०,८०), (७०,४०), (९०,४०), (९०,१००), (१०,१००). नालेचे दोन पाय वरच्या बांधावरून शेतात उतरलेत, मधली जागा कोरडी. पाण्याचं क्षेत्रफळ ३२०० चौरस मीटर.

दोन्ही याद्या घड्याळाच्या उलट दिशेनं लिहिल्यात, हे विसरू नका, पुढं कामाला येतंय.

शेताचा वरचा बांध (१००,६०) पासून (०,६०) पर्यंत जातो आणि पाण्याची कड त्याला चार ठिकाणी कापते. क म्हणजे (९०,६०), ख (७०,६०), ग (३०,६०) आणि घ (१०,६०). आता शेताच्या बांधानं चाललो तर क ला पाण्यात शिरतो, ख ला बाहेर, ग ला परत आत, घ ला बाहेर. पाण्याच्या कडेनं चाललो तर क्रम वेगळा लागतो: (१०,४०) शेताच्या आतच आहे, तिथून निघालं की ग ला शेतातून बाहेर, ख ला आत, क ला बाहेर, घ ला आत.

इंटरसेक्शन: शेत जिथं पाण्यात शिरतं तिथून सुरू, म्हणजे क. बांधानं ख पर्यंत. ख ला बांध पाण्यातून बाहेर पडतोय, म्हणून पाण्याची कड धरली: (७०,४०), (९०,४०), आणि परत क. एक कडी झाली, २० बाय २०, ४०० चौरस मीटर. ग शिल्लक आहे, तिथून घ, मग (१०,४०), (३०,४०), परत ग. आणखी ४००. एकूण ८०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ७.९ गुंठे पाण्याखाली.

युनियन: आता शेत जिथं पाण्यातून बाहेर पडतं तिथून सुरू. घ पासून बांधानं (०,६०), (०,०), (१००,०), (१००,६०) आणि क. क ला बांध पाण्यात शिरतोय, म्हणून पाण्याची कड: (९०,१००), (१०,१००), परत घ. ही बाहेरची मोठी कडी, ९२०० चौरस मीटर. ख शिल्लक आहे. ख पासून बांधानं ग, तिथं कड धरली, (३०,८०), (७०,८०), परत ख. ही दुसरी कडी.

ही दुसरी कडी म्हणजे वेगळा तुकडा का?

नाही, भोक. नालेच्या पोटातली कोरडी जागा आहे ती, खाली शेत, तिन्ही बाजूला पाणी. कोडला कसं कळणार? दिशेवरून. बाहेरची कडी घड्याळाच्या उलट आली आणि ही घड्याळासारखी, त्यामुळं शूलेस फॉर्म्युल्यानं क्षेत्रफळ काढलं की चिन्ह वजा येतं: −८००. मोठ्या कडीत मिळवलं की ९२०० − ८०० = ८४००.

ताळा पण बघून घ्या: शेत ६००० अधिक पाणी ३२०० वजा सामाईक ८०० = ८४००. हा ताळा मी प्रत्येक वेळी करतो, अगदी लायब्ररीच्या उत्तराचा सुद्धा. जुळला नाही तर पुढचं काही बघायचंच नाही, आधी चूक शोधायची.

माझी एक यादी घड्याळासारखी असेल तर?

मग वरचा "नेहमी पुढं चालायचं" हा नियम मोडतो. ख ला पाण्याची कड धरून पुढं गेलात तर शेतात उतरायच्या ऐवजी वर (७०,८०) कडं जाल. सुरुवातीलाच दोन्हीचं शूलेस काढा, वजा आलं तर यादी उलटी करा. मोबाईल घेऊन शेताला फेरी मारणारा माणूस कुठल्या बाजूनं निघेल ते त्याचं त्यालाच माहीत नसतं, त्यामुळं हे तपासल्याशिवाय पुढं जाऊच नका.

ग्रायनर-होर्मानमध्ये याची गरज पडत नाही, कारण तिथं छेदबिंदूवरची खूण बघून पुढं जायचं का मागं हे ठरतं. पण पहिल्यांदा लिहिताना दिशा सारखी करून घेतलेलं बरं, डीबग करताना डोकं कमी फिरतं.

छेदबिंदू काढायचा कोड द्या ना.

```python
def chhed(p, q, r, s):
    d = (q[0]-p[0])*(s[1]-r[1]) - (q[1]-p[1])*(s[0]-r[0])
    if d == 0:
        return None
    t = ((r[0]-p[0])*(s[1]-r[1]) - (r[1]-p[1])*(s[0]-r[0])) / d
    u = ((r[0]-p[0])*(q[1]-p[1]) - (r[1]-p[1])*(q[0]-p[0])) / d
    if 0 < t < 1 and 0 < u < 1:
        return t, u
```

`p` पासून `q` ही शेताची एज, `r` पासून `s` ही पाण्याची. `t` म्हणजे शेताच्या एजवर किती अंतर गेल्यावर बिंदू येतो, ० म्हणजे सुरुवात, १ म्हणजे शेवट. `u` म्हणजे तेच पाण्याच्या एजवर. `d` शून्य म्हणजे दोन्ही एज समांतर. क साठी चालवून बघा, `t` ०.१ येतो आणि `u` एक तृतीयांश.

माझे बिंदू बरोबर येतायत पण कडी वेडीवाकडी फिरतीय. का?

दहातल्या आठ वेळा (हा माझा अंदाज, मोजलं नाही कोणी) यादीत बिंदू घालताना क्रम लावलेला नसतो. पाण्याच्या एज ओळीनं तपासत गेलात तर शेताच्या वरच्या बांधावर बिंदू सापडतात ते ग, ख, क, घ अशा क्रमानं. तसेच यादीत कोंबले तर बांध ग ला जाऊन परत मागं ख, क ला येतो आणि मग घ कडं पळतो, झाला गोंधळ. एका एजवरचे सगळे बिंदू `t` प्रमाणं लावून मगच घाला: ०.१, ०.३, ०.७, ०.९, म्हणजे क, ख, ग, घ. पाण्याच्या यादीत घालताना तसंच `u` प्रमाणं.

आणि एकच बिंदू दोन्ही याद्यांत असतो, त्या दोन नोंदी एकमेकींना जोडून ठेवायच्या. रस्ता बदलायचा म्हणजे त्या जोडावरून पलीकडच्या यादीत उडी मारायची. इथं बिंदूचे आकडे जुळवून शोधत बसू नका, शेवटच्या दशांशात फरक पडला की उडीच चुकते.

आत शिरतोय का बाहेर पडतोय हे प्रत्येक बिंदूला तपासायला लागतं?

नाही. फक्त पहिल्या कोपऱ्याला. शेताचा (०,०) पाण्याच्या बाहेर आहे, म्हणजे पहिला छेद आत शिरणाराच असणार, पुढं आत-बाहेर-आत-बाहेर आळीपाळीनं. पाण्याचा (१०,४०) शेताच्या आत, म्हणून तिथला पहिला छेद बाहेर पडणारा. यातच एक फुकटची तपासणी पण मिळते: दोन बंद कड्यांचे खरे छेद नेहमी सम संख्येत असतात. तीन किंवा पाच आले तर तिथंच थांबा.

माझे तीनच आले!

आता खरा विषय आला.

समजा पाण्याची कड मोजणाऱ्यानं (९०,६०) लाच एक पॉईंट घेतला. आणि घेणारच की, बांधाला पाणी जिथं लागतं तिथंच माणूस थांबतो, बोटानं दाखवतो आणि मोबाईलवर पॉईंट मारतो. आता पाण्याची यादी (९०,४०), (९०,६०), (९०,१००) अशी झाली. पहिल्या एजचा `u` नेमका १ आणि दुसरीचा नेमका ०. वरच्या कोडमध्ये `<` आहे, म्हणजे दोन्ही नापास, क सापडतच नाही. राहिले ख, ग, घ.

मग काय होतं ते बघा. पहिला छेद आत शिरणारा असं धरलंय, म्हणून ख ला एंट्रीची खूण बसते, खरं तर तिथं बांध पाण्यातून बाहेर येतोय. ख पासून ग, मग पाण्याची कड, (३०,८०), (७०,८०), परत ख. म्हणजे कोडनं काय दिलं, तर तीच कोरडी जागा, पाण्याखालचं पीक म्हणून! आणि आकडा बघा, ४० बाय २०, ८०० चौरस मीटर, फक्त चिन्ह वजा. कोणी `abs` लावून बसला असेल तर पहिल्या कडीलाच आकडा बरोबर दिसतो आणि जागा पूर्ण चुकीची. घ पासून निघणारी कडी तर सगळं शेत फिरून येते.

मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हेच झालं होतं माझं. कागदावर आकडा छान दिसत होता, नकाशा उघडल्यावर काकांनी बघितलं आणि म्हणाले, "अरे इथं तर पाणी आलंच नव्हतं की."

मग `<` च्या जागी `<=` करू का?

करून बघा, बिंदू दोनदा सापडतो, एकदा प्रत्येक एजवर. खूण दोनदा उलटते आणि आत शिरलेलं परत बाहेर धरलं जातं. तेच रडगाणं.

अर्धं उघडं ठेवलं, `0 <= u < 1`, तर बिंदू एकदाच सापडतो आणि वरची केस सुटते, म्हणून लोक खूश होतात. पण आता दुसरी केस घ्या: पाण्याचं टोक बांधाला नुसतं टेकून परत मागं गेलंय, आत शिरलंच नाही. तिथं पण एकदा सापडतो, पण खरं तर खूण उलटायला नको होती. म्हणजे आरपार गेलं तर एकदा मोजायचं, टेकून परतलं तर शून्य वेळा किंवा दोनदा, आणि नुसतं `u` बघून यातलं कुठलं ते कळत नाही. चिन्हं बदलत बसून हा प्रश्न सुटत नाही. कोपऱ्याच्या आधीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू बांधाच्या कुठल्या बाजूला आहेत ते बघायलाच लागतं. दोन्ही वेगळ्या बाजूला, तर आरपार. एकाच बाजूला, तर टेकलंय.

सोपा जुगाड नाही का?

आहे, आणि मूळ १९९८ च्या पद्धतीत पण साधारण हाच सुचवलाय: बिंदू जरासा सरकवायचा. (९०,६०) चा (९०, ६०.००१) केला, एक मिलिमीटर. आता (९०,४०) पासूनची एज बांधाला व्यवस्थित कापते, छेद परत चार.

सरकवायचं ते बांधापासून लांब, बांधाच्या रेषेतल्या रेषेत नाही. (९०.००१, ६०) केलं तर तो अजून बांधावरच आहे, काही उपयोग नाही. मी बघितलंय लोकांनी असं केलेलं, आणि मग "जुगाड चालत नाही" म्हणून मेसेज येतो.

शेजारी-शेजारी दोन शेतं, बांध सामाईक. तिथं पण सरकवायचं का?

तिथं हा जुगाड अंगाशी येतो. शंभर मीटरच्या सामाईक बांधाला एक मिलिमीटर सरकवलं तर एकतर दोन शेतांमध्ये ०.१ चौरस मीटरची फट पडते किंवा तेवढीच चिंधी दोघांच्यात सामाईक निघते. क्षेत्रफळाला फरक पडत नाही, पण युनियन करून दोन हिश्श्यांचा एक सर्व्हे नंबर करायला गेलात की मध्ये केसाएवढी फट राहते आणि दोन पॉलिगॉन दोनच राहतात. भावाभावांचं पटलं तरी नकाशा जुळायला तयार नाही.

अशा वेळी समांतर एज एकाच रेषेवर आहेत का ते तपासून तो सामाईक तुकडा वेगळा हाताळायला लागतो: आधी कुठल्या बाजूनं आलो, नंतर कुठल्या बाजूला गेलो, आणि मधला पूर्ण तुकडा एकच छेद समजायचा. २०१९ मध्ये फॉस्टर, होर्मान आणि पोपा यांनी हे सगळे प्रकार सरकवासरकवी न करता कसे सोडवायचे ते नीट मांडलंय. स्वतः लिहायची हौस नसेल तर इथं गुपचूप लायब्ररी वापरा.

छेद शून्य आले तर?

तीन शक्यता. शेत पूर्ण पाण्यात, पाणी पूर्ण शेतात (मधल्या खड्ड्यात साठलं वगैरे), किंवा दोघांचा संबंधच नाही. दोन्हीचा एकेक कोपरा दुसऱ्याच्या आत आहे का तपासा, कळेल. हे विसरलं तर नेमकं ज्याचं पूर्ण शेत बुडालंय त्याला शून्य गुंठे दाखवतं, आणि मग शिव्या कोण खाणार?

लॅट-लाँगवर चालवलं तर क्षेत्रफळ ०.००००-काहीतरी येतंय.

ते चौरस अंशात आहे, त्याला अर्थ नाही. आपला भाग यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये येतो, `EPSG:32643`, त्यात बदलून घ्या म्हणजे सगळं मीटरमध्ये येईल.

फक्त तिथं उत्तरेचा आकडा आपल्याकडं अठरा लाखाच्या आसपास असतो. ३२ बिटच्या फ्लोटमध्ये एवढ्या मोठ्या आकड्यात दोन शेजारच्या किमतींमध्ये ०.१२५ मीटरचं अंतर पडतं, म्हणजे बांध साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर उड्या मारतो, आणि वेगवेगळे बिंदू एकावर एक येऊन बसतात. मग वरचे सगळे टेकायचे-चिकटायचे प्रकार आपणच तयार केले असं होतं. ६४ बिट वापरा, आणि शेताचा एक कोपरा (०,०) धरून बाकी सगळ्या बिंदूंतून तो वजा करून घ्या.

जुनं सदरलंड-हॉजमन वापरलं तर काय बिघडतं?

१९७४ ची पद्धत आहे, सोपी आहे, कापणारा आकार बहिर्वक्र असेल तर चालते. आपलं शेत आयतच आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण ती एकच कडी देते, त्यामुळं नालेचे दोन पाय वरच्या बांधावरून शून्य रुंदीच्या पट्टीनं जोडलेले येतात. क्षेत्रफळ ८०० बरोबर, पण तो पॉलिगॉन पुढच्या सॉफ्टवेअरला दिला की अवैध म्हणून परत येतो.

गावभरची शेतं असतील तर किती वेळ लागेल?

प्रत्येक एज प्रत्येक एजशी तपासली तर गुणाकार होत जातो. आधी दोन्हींच्या बाहेरच्या चौकटी एकमेकींना लागतात का तेवढं बघा, बरीचशी शेतं तिथंच गळतात. पाण्याची कड हजारो बिंदूंची असेल तर मग स्वीप-लाईनकडं जावं लागतं, बेंटली-ऑटमन, १९७९. एका तालुक्यापुरतं मला अजून गरज पडली नाही.

शेतातून पाणी वजा करून कोरडा भाग पाहिजे असेल तर?

याच याद्या, याच खुणा. घ सारख्या बाहेर पडणाऱ्या बिंदूपासून बांधानं निघायचं, पाण्यात शिरायची वेळ आली की पाण्याची कड धरायची, पण उलट्या दिशेनं. घ, (०,६०), (०,०), (१००,०), (१००,६०), क, मग मागं (९०,४०), (७०,४०), ख. ख ला परत बांध, ग पर्यंत, मग मागं (३०,४०), (१०,४०), घ. एकच कडी, ५२०० चौरस मीटर. साधारण ५१.४ गुंठे ऊस वाचला.